गृहकर्ज फिटून दीड महिना झाला, नो ड्यूज नाही आणि मूळ विक्रीपत्रही नाही (नागपूर)

वैशाली_त्रिमूर्तीनगर · ८ एप्रिल २०२५

नमस्कार. त्रिमूर्तीनगरमधला आमचा फ्लॅट २०१२ मध्ये रिसेलमध्ये घेतला होता. कर्ज माझ्या आणि यजमानांच्या नावावर, एका सरकारी बँकेचं. यंदा माझ्या पीएफचे पैसे आले, तेव्हा ठरवलं की आता कर्ज ठेवायचंच नाही. बँकेने फोरक्लोजरचं पत्र दिलं, त्यात ६,८४,३१० रुपये होते. ३ फेब्रुवारीला तेवढी रक्कम आरटीजीएसने भरली.

दोन दिवसांनी शाखेत गेले तर म्हणाले, "मॅडम, पंधरा दिवसांनी या." पंधरा दिवसांनी गेले तर म्हणाले, खातं बंदच झालेलं नाही, थोडी रक्कम बाकी आहे. २४ फेब्रुवारीला ४९५ रुपये भरले. तेव्हापासून दर आठवड्याला एक चक्कर. आमची जुनी शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली आहे, त्यामुळे "कागदपत्रं मागवली आहेत, आली की फोन करू" एवढंच सांगून राहिले. नो ड्यूज मागितलं तर म्हणतात, कागदांसोबतच मिळेल.

दहा-बारा चकरा झाल्या, पण माझ्या हातात लेखी काहीच नाही. आता अर्ज कसा लिहू, कोणाला देऊ? आणि हे यापेक्षा लवकर होऊ शकतं का?

आर्यन_एमएच४९ · ८ एप्रिल

ताई, सोपं आहे. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या, दोन्हीवर सही-शिक्का बघा आणि आरटीओत एचपी कमी करायला द्या. मी मागच्या वर्षी माझ्या बाईकचं केलं. एनओसीवरची तारीख मात्र बघा, माझी तीन महिन्यांची मुदत संपली होती म्हणून बँकेतून पुन्हा आणावी लागली.

वैशाली_त्रिमूर्तीनगर · ८ एप्रिल

आर्यन, माझं घराचं कर्ज आहे रे, गाडीचं नाही. पण मुदतीचं सांगितलंस ते लक्षात ठेवते.

निवृत्त_कर्जविभाग · ८ एप्रिल

वैशालीताई, मी बँकेत बरीच वर्षं गृहकर्जाचं टेबल सांभाळलं. काही सांगण्याआधी तीन गोष्टी विचारतो.

एक, फोरक्लोजर पत्रातली रक्कम कोणत्या तारखेपर्यंतची होती? दोन, कर्ज घेताना कागद जमा केल्याची यादी तुमच्याकडे आहे का? बँकेच्या शिक्क्याचा एक कागद असतो, त्यावर "मूळ", "झेरॉक्स", "पाने" असं लिहिलेलं असतं. तीन, त्या वेळी गहाणासाठी तुम्ही दोघं दुय्यम निबंधकांकडे जाऊन अंगठा आणि फोटो देऊन आला होता का, की सगळं बँकेतच झालं?

वैशाली_त्रिमूर्तीनगर · ८ एप्रिल, रात्री

काका, पत्र आत्ताच काढून बघितलं. "३१ जानेवारीपर्यंत वैध" असं खाली बारीक अक्षरात आहे, मी तेव्हा वाचलंच नाही. यादी सापडली! २०१२ च्या फाइलमध्ये होती, सहा ओळी आहेत. निबंधकांकडे आम्ही फक्त विक्रीपत्रासाठी गेलो होतो. गहाणाचं सगळं बँकेतच झालं.

निवृत्त_कर्जविभाग · ९ एप्रिल

मग चित्र बरंच स्पष्ट झालं.

आधी त्या ४९५ रुपयांचं बघू. तुमचा दर ८.७५ च्या आसपास असेल, तर ६,८४,३१० वर एका दिवसाचं व्याज साधारण १६४ रुपये होतं. ३१ जानेवारीची रक्कम तुम्ही ३ फेब्रुवारीला भरली, म्हणजे तीन दिवसांचं ४९२ राहिलं, आणि त्यावर तीन आठवड्यांचं दोन-तीन रुपये. बँकेचा हिशेब चुकीचा नाही, पण खात्यात शिल्लक राहिली आहे हे तुम्हाला कळवायला हवं होतं. सिस्टिमला एक रुपया बाकी असला तरी खातं चालूच असतं. खातं बंद होत नाही, आणि खातं बंद झाल्याशिवाय कागद काढायची मागणी पुढे जातच नाही. म्हणून रक्कम नेहमी भरायच्या दिवसाची मागायची, आणि दुसऱ्या दिवशी स्टेटमेंट काढून शिल्लक शून्य आहे का ते बघायचं.

आता मुद्द्याचं. रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांचे कागद परत करायची वेळ आली त्या सगळ्यांना ते लागू आहे. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि सरसाई, म्हणजे गहाणांची केंद्रीय नोंदवही, किंवा दुसऱ्या कोणत्याही रजिस्ट्रीत नोंदवलेला बोजाही काढायचा. उशीर झाला तर त्याचं कारण कर्जदाराला कळवायचं. उशीर बँकेमुळे असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. यातलं "बँकेमुळे" हे महत्त्वाचं आहे. तुम्हाला सहीला बोलावलं आणि तुम्ही गेला नाहीत, तर तो उशीर तुमचा धरतील.

तुमचं कर्ज पूर्ण फिटलं ते २४ फेब्रुवारीला. तिथून ३० दिवस म्हणजे २६ मार्च. आज तुम्ही मुदतीच्या चौदा दिवस पुढे आहात.

नो ड्यूज कागदांसोबतच मिळेल हे म्हणणं बरोबर नाही. कागद दुसऱ्या गावच्या तिजोरीत असतील, पण नो ड्यूज खातं बंद झालं की शाखेतूनच निघतं. ते वेगळं मागा.

कायदा_पहिला · ९ एप्रिल

काका, एवढं कशाला? अर्ज दिल्याच्या तारखेपासून तीस दिवस मोजायचे आणि नंतर रोज ५,००० बँकेने आपणहून खात्यात टाकायचे असा नियम आहे. कोणत्याही कर्जाला लागू आहे. ताई, तुम्ही अर्जच दिलेला नसेल तर तुमचे तीस दिवस अजून सुरूच झालेले नाहीत.

निवृत्त_कर्जविभाग · ९ एप्रिल

पाच हजारांचा आकडा तुमचा बरोबर आहे, बाकीचं नाही. मुदत अर्जावरून मोजत नाहीत, कर्ज फिटल्याच्या दिवसापासून मोजतात. म्हणजे अर्ज दिला नाही म्हणून ताईंचे दिवस वाया गेलेले नाहीत. अर्ज द्यायचा तो पुढे पुरावा हवा म्हणून. आणि पैसे आपोआप खात्यात आलेले मी तरी पाहिलेले नाहीत, लेखी मागावे लागतात. कोणत्याही कर्जाला लागू हेही खरं नाही. परिपत्रक वैयक्तिक कर्जांसाठी आहे. घराचं, शिक्षणाचं, गाडीचं यात येतं. धंद्याचं येत नाही.

इतवारी_किराणा · ९ एप्रिल

हे वाचून माझा जीव खाली-वर झाला. माझं दुकान इतवारीत आहे. कॅश क्रेडिटसाठी दुकानाचे कागद ठेवले होते, सगळं फेडून चार महिने झाले. तेच "कागद मागवले आहेत" सांगून राहिले. म्हणजे मला काहीच मिळणार नाही का?

निवृत्त_कर्जविभाग · ९ एप्रिल

भाऊ, रोजचे पाच हजार या परिपत्रकावरून मागता येतील असं मला वाटत नाही. पण कर्ज फिटल्यावर कागद अडवून ठेवायचा हक्क बँकेला उरत नाही. गहाण सोडवलं की कागद परत, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० मध्येच आहे. लेखी तक्रार द्या, उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते. आधी एक मात्र तपासा: त्याच कागदांवर दुसरं एखादं कर्ज किंवा कोणाचा जामीन चालू आहे का? धंद्याच्या खात्यात बरेचदा अडतं ते याच्यामुळे.

इतवारी_किराणा · १० एप्रिल

भावाला जामीन राहिलो होतो त्याच बँकेत. त्याचं कर्ज चालू आहे. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. उद्या जाऊन विचारतो.

निवृत्त_कर्जविभाग · १० एप्रिल

वैशालीताई, अर्ज असा लिहा. फार कायदा नको, तारखा हव्यात.

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: गृहकर्ज खाते क्रमांक ... पूर्ण फेडल्याबाबत ना-देय प्रमाणपत्र, मूळ कागदपत्रे परत मिळणे आणि बोजा कमी करणे. महोदय, वरील कर्ज ३/२/२०२५ रोजी ६,८४,३१० रुपये आणि २४/२/२०२५ रोजी ४९५ रुपये भरून आम्ही पूर्ण फेडले आहे. ३० दिवसांची मुदत २६/३/२०२५ रोजी संपली आहे. उशिराचे कारण आम्हाला लेखी कळवलेले नाही. सोबत २०१२ मध्ये आपण दिलेल्या कागदपत्रांच्या यादीची प्रत जोडली आहे. यादीतील सर्व मूळ कागदपत्रे अमुक शाखेत द्यावीत. सरसाईमधील बोजाची नोंद काढून त्याचा पुरावा द्यावा. ना-देय प्रमाणपत्र कागदपत्रांची वाट न पाहता द्यावे. २७/३/२०२५ पासून कागदपत्रे मिळेपर्यंत प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई आमच्या बचत खात्यात जमा करावी."

खाली दोघांच्या सह्या करा. दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्या. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर तिथेच उभं राहून शाखेच्या आणि तक्रार कक्षाच्या ईमेलवर पाठवा, वर पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही पाठवा. कागद कोणत्या शाखेत हवेत ते तुम्ही सांगू शकता. जिथे कर्ज चालत होतं ती शाखा, किंवा जिथे कागद आहेत ते त्यांचं कार्यालय, यातलं एक निवडता येतं.

वैशाली_त्रिमूर्तीनगर · ११ एप्रिल

काल पोच घेतली, ईमेलही केला. यजमान नोकरीसाठी पुण्यात आहेत, त्यांची सही स्कॅन करून मागवली. कागद घ्यायला तेही यायलाच हवेत असं म्हणतात. खरं का?

निवृत्त_कर्जविभाग · ११ एप्रिल

दोघं कर्जदार आहेत म्हणून विचारतात. त्यांच्याकडून तुमच्या नावाचं अधिकारपत्र घ्या, ओळखपत्राची प्रत जोडा. त्यांची सही त्यांच्या पुण्यातल्या शाखेकडून साक्षांकित करून घेतली तर सहसा अडत नाही. आधी बँकेत फोन करून अधिकारपत्राचा नमुना मागा, म्हणजे दुसरी चक्कर वाचेल.

वैशाली_त्रिमूर्तीनगर · २१ एप्रिल

आज बोलावलं होतं. जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण मी अजून शांत झालेली नाही.

नो ड्यूज आधीच, १५ तारखेला मिळालं. खातं क्रमांक, दोघांची नावं, फ्लॅटचं वर्णन, बंद झाल्याची तारीख, सगळं बरोबर आहे. आज कागद. साहेबांनी एक खाकी लिफाफा पुढे केला, वर स्टेपलच्या चार पिना, आणि सोबत एक पावती: "सर्व मूळ कागदपत्रे मिळाली." म्हणाले सही करा. मी म्हटलं, आधी मोजते. त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी खुर्ची दिली.

यादी समोर ठेवून एकेक काढलं. आमचं २०१२ चं विक्रीपत्र मूळ होतं. नोंदणी पावती होती, इंडेक्स दोन होता, ताबा पत्र होतं, करपावती होती. चौथ्या ओळीवर लिहिलं आहे, "सन २००४ चे विक्रीपत्र, मूळ, २६ पाने." म्हणजे बिल्डरकडून पहिल्या मालकाने घेतलं ते. लिफाफ्यात २६ पानं होती. पण पानं उलटताना मागची बाजू अगदी कोरी दिसली. आमच्या विक्रीपत्रात निबंधकांच्या शिक्क्याची शाई पानाच्या मागे उमटली आहे, अंगठ्याचा ठसा हाताला जरा खरखरीत लागतो. याच्यात काहीच नाही. झेरॉक्स होती, चांगल्या कागदावर.

साहेब म्हणाले, "असेल कुठेतरी, तुम्ही सही करा, मागून देऊ." मी सही केली नाही. बरोबर केलं का?

निवृत्त_कर्जविभाग · २१ एप्रिल

एकदम बरोबर केलंत. पण बाकीचे पाच कागद घेऊन या, ते तिथे ठेवू नका. पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा: "यादीतील अ. क्र. ४, सन २००४ चे मूळ विक्रीपत्र, मिळाले नाही, त्याची फक्त छायाप्रत मिळाली." मग तारीख टाकून सही करा आणि पावतीची प्रत घ्या. त्या पावतीमुळेच पुढे बँकेला नाही म्हणता येणार नाही.

दुसरं, कागद हरवला आहे हे त्यांच्याकडून लेखी घ्या. कागद हरवला किंवा खराब झाला तर बँकेने दुय्यम प्रत किंवा प्रमाणित प्रत मिळवायला मदत करायची आणि त्याचा खर्च बँकेनेच उचलायचा, हे त्याच परिपत्रकात आहे. ते तुम्हाला म्हणतील, पोलीस ठाण्यात जाऊन हरवल्याची तक्रार द्या. तुम्ही देऊ नका. कागद तुमच्याकडून हरवलेला नाही. तक्रार बँकेच्या नावाने, बँकेच्या अधिकाऱ्याने द्यायची. तुमच्या नावाने दिली तर उद्या कोणीही विचारेल, मग कागद होता कोणाकडे?

नंदनवन_शेखर · २२ एप्रिल

आमच्या वडिलांच्या घराचं असंच झालं होतं, ते लिहितो. बँकेने पोलिसांत तक्रार दिली, दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना दिली, मग दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढली. दस्त क्रमांक आणि वर्ष माहीत असेल तर प्रत मिळायला अडचण नाही, तुमच्या इंडेक्स दोनवरून आणि जुन्या झेरॉक्सवरून ते दोन्ही मिळेल. प्रतिज्ञापत्रही बँकेकडून स्टॅम्प पेपरवर घेतलं की मूळ कागद त्यांच्या ताब्यात असताना गहाळ झाला.

तरीही घर विकताना त्रास झाला. घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलाने दोनदा शोध घेतला, कारण मूळ विक्रीपत्र कुठे दुसरीकडे गहाण पडलं आहे का याची त्याला खात्री हवी होती. शेवटी झालं, पण महिना गेला. म्हणून हे सगळे कागद एकाच फाइलमध्ये, पोलीस तक्रार, वर्तमानपत्राचं कात्रण, प्रतिज्ञापत्र, आजच तयार करून ठेवा.

प्रज्ञा_धरमपेठ · २२ एप्रिल

मी मालमत्तेच्या कागदांचं काम करते. ताई, एक राहून जाऊ नये म्हणून सांगते. फ्लॅटच्या आखीव पत्रिकेवर बँकेच्या बोजाची नोंद झाली आहे का बघा. सगळ्यांची होत नाही. झाली असेल तर नो ड्यूज जोडून नगर भूमापन कार्यालयात अर्ज द्या, तिथे बँक स्वतः जात नाही. सरसाईचा बोजा मात्र बँकेलाच काढावा लागतो. तो निघाला की नाही ते सरसाईच्या साइटवर थोडं शुल्क भरून कोणालाही शोधता येतं, तोंडी "झालं" वर थांबू नका. तुमचं गहाणखत नोंदवलेलं नाही, फक्त कागद जमा ठेवून गहाण आहे, म्हणून वेगळी गहाणमुक्ती नोंदवायची गरज पडणार नाही. नोंदवलेलं असतं तर निबंधकांकडे पुन्हा जावं लागलं असतं.

सिबिलही बघा. कर्ज बंद झालेलं दिसत नसेल तर दुरुस्तीची तक्रार टाका. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा वेगळा नियम आहे.

वैशाली_त्रिमूर्तीनगर · २८ एप्रिल

पावतीवर लिहून पाच कागद आणले. आखीव पत्रिकेवर बोजा नाही. सरसाईचा शोध घेतला तर बोजा अजून दिसतो आहे! तेही लेखी कळवलं.

बँकेचं उत्तर आलं आहे. म्हणतात, एक कागद गहाळ आहे, त्यामुळे आम्हाला ६० दिवसांची मुदत मिळते. ती २५ एप्रिलला संपली, म्हणून २६ एप्रिलपासूनच भरपाई मोजू. पण पाच कागद तर त्यांच्याकडे होते आणि तेही त्यांनी २१ तारखेला दिले. मी २७ मार्च ते २१ एप्रिल मोजले, २६ दिवस होतात, १,३०,००० रुपये. हे पैसे मला मिळायला हवेत की नाही?

कायदा_पहिला · २८ एप्रिल

बँक बरोबर आहे. कागद हरवला की आणखी तीस दिवस मिळतात असं परिपत्रकात स्पष्ट आहे.

निवृत्त_कर्जविभाग · २९ एप्रिल

आणखी तीस दिवस मिळतात हे खरं. पण ते कशासाठी? प्रमाणित प्रत काढायची प्रक्रिया पूर्ण करायला. जे पाच कागद त्यांच्या तिजोरीत शाबूत होते त्यांना ती मुदत का लागावी? माझं मत असं की पाच कागदांचा उशीर २७ मार्चपासून धरायला हवा आणि हरवलेल्या कागदाचा २६ एप्रिलपासून, आणि सरसाईचा बोजा तर कागद हरवण्याशी संबंधितच नाही. शिवाय हरवल्याचं त्यांनी तुम्हाला २१ एप्रिलपर्यंत कळवलंच नव्हतं. पण परिपत्रकात कागदांची अशी फोड केलेली नाही, त्यामुळे बँक दुसऱ्या बाजूने वाचू शकते, आणि लोकपाल काय मानेल हे मी खात्रीने सांगणार नाही.

तुमची पोच १० एप्रिलची आहे. तीस दिवसांत तक्रारीचं समाधान झालं नाही, की cms.rbi.org.in वर तक्रार टाका. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. यादी, शेरा असलेली पावती, बँकेचं उत्तर आणि सरसाईच्या शोधाचा कागद, एवढं जोडा. तारखा क्रमाने लिहा, दहा ओळींत बसेल.

इतवारी_किराणा · २ मे

माझं सांगतो. जामीनामुळेच अडलं होतं. भावाच्या कर्जाला दुसरी एफडी तारण दिली, आता दुकानाचे कागद सोडायला तयार झाले. काका, तुम्ही विचारलं नसतं तर मी वर्षभर चकरा मारत राहिलो असतो.

वैशाली_त्रिमूर्तीनगर · १६ मे

सरसाईचा बोजा ६ तारखेला निघाला, मी स्वतः शोधून बघितलं. पोलीस तक्रार बँकेने त्यांच्या नावाने दिली, जाहीर सूचनाही आली. निबंधकांकडची प्रमाणित प्रत काल हातात आली, खर्च बँकेने केला. प्रतिज्ञापत्रात मात्र त्यांनी "कर्जदार किंवा बँकेकडून गहाळ" असं लिहिलं होतं. ते मी घेतलं नाही. "बँकेच्या ताब्यात असताना गहाळ" असं दुरुस्त करून द्यायला सांगितलं आहे.

भरपाईचे २६ एप्रिलपासूनचे वीस दिवसांचे १,००,००० रुपये देऊ म्हणतात, पण आधी "यापुढे काही मागणी नाही" अशी सही हवी आहे. मी पैसे घ्यायला तयार आहे, तशी सही करायला नाही. १२ तारखेला लोकपालाकडे तक्रार टाकली, क्रमांक आला आहे.

निवृत्त_कर्जविभाग · १६ मे

ती सही करू नका. पैसे घेताना "आक्षेप राखून स्वीकारले" असं लिहून घ्या, आणि त्याची प्रत तक्रारीत जोडा. प्रतिज्ञापत्र दुरुस्त होऊन आलं की इथे कळवा.